खुमार म्हणजे नशा नव्हे

छापखान्यात मी अक्षरजुळणी करते. आता खिळे नाहीत, कळफलक आहे, पण मालक अजून जुळणीच म्हणतात. माझ्यापुढे येतो तो मजकूर मी बोटांनी वाचते, डोक्याला सहसा त्रास देत नाही. त्या सोमवारी मात्र बोटं एका ओळीवर अडली ती अडलीच.

पुस्तक होतं जुन्या मराठी चित्रपटगीतांचं. संपादक म्हणजे एक मोठे प्राध्यापक. त्यांना सगळे 'सर' म्हणतात, म्हणून आपणही म्हणायचं. एकशे बाराव्या पानावर माझ्या काकांची गझल होती. काकांनी उभ्या आयुष्यात तीनच चित्रपटांना गाणी दिली, त्यांतली लोकांच्या कानात राहिली ती ही एक. आमच्या घरात ती सगळ्यांना पाठ :

पहाट झाली, दिवा विझाला, अजून नेत्री खुमार आहे
जडावलेला उदास माथा, तुझाच येथे विचार आहे

आणि माझ्यापुढच्या कागदावर दुसरी ओळ होती : 'फुलून गेला प्रसन्न माथा, तुझाच येथे विचार आहे'.

खाली तळटीप. 'खुमार म्हणजे नशा, धुंदी. नशेत माथा उदास व जड असणे विसंगत. कवीस या उर्दू शब्दाचा अर्थ ठाऊक नसावा. सबब पाठ दुरुस्त केला आहे.'

सबब! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. वृत्तात तसूभर चूक नाही, हे आणखी वाईट. चोर टापटिपीचा निघाला.

शुक्रवारी पानं छपाईला जायची होती. काकू चौऱ्याऐंशी वर्षांची, डोळ्यांनी जवळजवळ गेलेली. तिला मी कबूल केलं होतं की काकांचं पान आलं की वाचून दाखवीन. रोज संध्याकाळी मी दारात चप्पल काढायच्या आत तिचा प्रश्न तयार : "आलं का गं आमचं पान?"

मी कॉलेजची पायरी चढलेली नाही. उर्दू अक्षरं शिकले ती मुलांच्या अंकलिपीवरून, पोळ्या लाटता लाटता. गाण्यातला शब्द कळला नाही की मला झोप येत नाही, एवढंच माझं शिक्षण. त्यामुळे आधी मी स्वतःवरच संशय घेतला. काका माझे, म्हणून काका बरोबर, असं कोशात चालत नाही.

शब्द शोधायचा तर पहिली अडचण आपल्या छपाईची. मराठीत नुक्ता, म्हणजे अक्षराखालचं टिंब, देत नाहीत, म्हणून 'ख' दिसला की उर्दूत दोन दारं ठोठावावी लागतात : घशातून खरवडून येणारा 'खे', नाहीतर 'काफ'ला 'हे' जोडून केलेला साधा ख. हा पहिला निघाला. पुढे उर्दूत ऱ्हस्व स्वर लिहीतच नाहीत. त्याच चार अक्षरांत खिमार म्हणजे ओढणी बसते, खम्मार म्हणजे दारू विकणारा बसतो आणि आपला खुमारही बसतो. पेश, म्हणजे उकाराची खूण, पाहून योग्य नोंद धरायची. आणि अर्थ वाचायला घेतला तर हातातल्या छोट्या कोशात पहिलाच अर्थ : नशा, धुंदी.

सर बरोबर?

पण पहिल्या अर्थावर थांबायचं नाही, हे मी चटके खाऊन शिकले आहे. ग्रंथालयातला जाडा कोश काढला. तिथे नोंद अरबीपासून सुरू होते आणि मूळ अर्थ आधी सांगते : नशा उतरू लागल्यावर येणारी डोकेदुखी, अंग मोडून येणं, सुस्ती. 'नशा' हा अर्थ नंतर येतो, सैल झालेला. प्रत्येक अर्थाखाली सनद, म्हणजे जुन्या कवीचा शेर, पुरावा म्हणून. ते शेर वाचले. दोन ठिकाणी खुमार आहे आणि पेला रिकामा आहे. मग अर्थानं शेजारचे शब्द पाहिले. चढू लागतो तो सुरूर, भरात असते ती नशा, ओसरताना मागे राहतो तो खुमार. शेवटी जोडशब्द. 'खुमार-शिकन', खुमार मोडणारा; सकाळी डोकं ताळ्यावर यावं म्हणून घेतलेला घोट. खुमार जर आनंद असेल तर तो मोडायला कोण घोट घेतो? उलटतपासणी म्हणून जुना मराठी कोशही उघडला. 'खुमारी'खाली नशा उतरतानाचं जडत्व छापलेलं. म्हणजे काकांच्या काळी मराठीलाही ते माहीत होतं. धुंदीचा अर्थ खोटा नाही. या शेरात तो बसत नाही, इतकंच. पहाट झालेली, दिवा विझलेला, आणि सर म्हणतात माथा फुलला.

सगळं कागदावर उतरवून बुधवारी सरांच्या खोलीत गेले. पुस्तकं छतापर्यंत, खुर्ची एकच, तीही त्यांच्याखाली. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं, मग मोबाइलवरचा कोश उघडून माझ्यापुढे धरला : नशा, धुंदी. मी म्हटलं, खाली सरकवा, जोडशब्द बघा. त्यांनी सरकवलं नाही. माझं शिक्षण किती, हे मात्र फार अदबीनं विचारलं. जुळणी करणाऱ्यांनी जुळवावं, असंही म्हणाले, आणि इतक्या खोलात वाचक जात नाहीत.

घरी आले ती धुमसतच. काकूला सांगायचं नाही असं ठरवलं होतं, पण तिनं माझ्या चपलांचा आवाज ऐकूनच ओळखलं. शेवटी सरांची ओळ वाचून दाखवली. तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

"फुलून गेला म्हणे," ती म्हणाली. "अगं, तुझे काका प्यायचे. तुम्हा पोरांना कुणी सांगितलं नाही. मी माहेरी निघून गेले होते, दोन महिने. त्यांनी सोडली, आणि सोडल्यावर हे गाणं लिहून पाठवलं. चित्रपटात गेलं ते नंतर. रात्रीचं त्यात काही नाहीच, सगळं सकाळचं आहे. ती माफी आहे, माझ्याकडे मागितलेली. तुझ्या सरांनी तिची फुशारकी केली."

इतकी वर्षं मी तो शेर आरशापुढे वेणी घालताना गुणगुणत होते.

गुरुवारी मी पुन्हा गेले. या वेळी ग्रंथालयातून जाडा कोशच उचलून नेला. दोन जिने चढताना मलाच खुमार आला. कोश सरांच्या टेबलावर, त्यांच्या चहाच्या कपाला धक्का लागेल असा ठेवला आणि सनदेवर बोट ठेवलं. काकूची गोष्ट सांगितली नाही. ती पुरावा नव्हती, आणि त्यांना ऐकवायची तर नव्हतीच नव्हती. फक्त एवढं म्हणाले, "सर, अर्थ कवीला ठाऊक होता. ठाऊक कुणाला नव्हता, तेही तळटिपेत लिहू का?"

त्यांनी शेर वाचला. दुसरा वाचला. जोडशब्दांशी त्यांची नजर थांबली, कान लाल झाले. मग तळटीप लाल शाईनं खोडली, 'जडावलेला उदास माथा' स्वतःच्या हातानं लिहिलं आणि पुस्तकाच्या शेवटच्या शब्दार्थांत खुमारसाठी फक्त एक ओळ मिळेल, असं बजावलं. चूक झाली, हे शब्द त्यांच्या कोशात नसावेत.

संध्याकाळी काकूला पान वाचून दाखवलं. मग एक ओळ : "खुमार : नशा उतरताना मागे उरणारं जडपण."

"उतरताना, असंच लिहिलंयस ना?"

"असंच."

"राहू दे," ती म्हणाली. "उतरली होती. मी बघितली आहे."