डुगडुगता फोन

भोसरीत आमच्या घरी पहिला फोन आला तो काळा आणि वरवंट्यासारखा जड होता. त्याच्यासाठी मी क्रोशाचा रुमाल विणला. रुमालावर तो एकदा बसला की नंबर फिरवताना जागचा हलत नसे. शेजारच्या सुमनताई मुलीच्या खुशालीसाठी ट्रंक कॉल लावायला यायच्या आणि तासभर बसायच्या. तेव्हा आमच्या मागे ज्वारीचं शेत होतं आणि कंपनीचा भोंगा दिघीपर्यंत ऐकू जायचा.

आता आमच्या ह्यांच्याकडे, म्हणजे सोपानरावांकडे, जो फोन आहे तो पापडासारखा पातळ आहे. फक्त मागच्या एका कोपऱ्यात कॅमेऱ्याचा चौकोनी उंचवटा आहे आणि त्यातून तीन भिंगं आणखी वर आली आहेत. टेबलावर ठेवला की तो कोपरा वर राहतो आणि फोन डुगडुगतो. दुसऱ्या कुणाला त्याचं काही वाटलं नसतं. ह्यांचं मात्र त्यामुळे सगळं अडलं होतं.

तरुणपणी प्रेस मशीनमध्ये ह्यांच्या डाव्या हाताची चार बोटं गेली. तरी पुढे टूलरूममध्ये उभं आयुष्य काढलं आणि निवृत्तीनंतर चिंचवडला दर शनिवारी नव्या मुलांना डाय-मोल्डचं, म्हणजे साचे बनवायचं, काम शिकवायला लागले. गेल्या वर्षी घशाच्या आजारात स्वरयंत्र काढावं लागलं. माणूस वाचला, आवाज गेला. आमच्या लेकीने, विजयश्रीने, फोनमध्ये सोय करून दिली. मराठीत लिहायचं, बटण दाबायचं, की एका बाईच्या आवाजात फोन ते वाचून दाखवतो. पण डाव्या हातात फोन धरता येत नाही. तो टेबलावर ठेवूनच लिहावं लागतं.

उजवीकडचं अक्षर दाबलं की फोन उजवीकडे कलायचा, डावीकडचं दाबलं की डावीकडे. बोट भलत्याच अक्षरावर पडायचं. आजारानंतरच्या पहिल्याच शनिवारी वर्गात फोन काहीतरी अगम्य बोलला आणि पोरं हसली. पोरं वाईट नव्हती, मलाही हसू आलं असतं. पण घरी येऊन ह्यांनी पाटीवर खडूने लिहिलं, "आता जाणार नाही." पाटी नातीची होती. पुसून मी ती कपाटात ठेवली आणि लागले उपाय शोधायला.

आधी फोनखाली पंचाची घडी ठेवली. घरी चाललं. पण वर्गातल्या टेबलावर तेलाचा थर असतो, तिथे घडीसकट फोन सरकणार हे त्यांनी हातानेच करून दाखवलं. मग मी बाजारात गेले. दुकानदाराला म्हटलं, "कव्हरचा तो कॅमेऱ्याभोवतीचा काठ नको, त्यानंच फोन वर उचलला जातो." त्याने एक पातळ, बिनकाठाचं कव्हर दिलं. डुगडुग थोडी कमी झाली. जिंकले, असं मला वाटलं.

विजयश्री भोसरीतच फोनची कव्हरं बनवणाऱ्या छोट्या कारखान्यात डिझाइनचं काम करते. रविवारी आली, फोन उलटा करून पाहिला आणि कपाळाला हात लावला.

"आई, हे काय गं केलंस?"

"काय केलं? कमी हलतोय की न्हाई?"

"हलतोय कमी, पण आता भिंगं टेबलाला टेकतायत. काठ असतो तो भिंगाच्या काचेपेक्षा जरा उंच, म्हणजे टेकायचं ते रबर टेकावं, काच नको. हे बघ." तिने फोन उजेडात धरला. काचेवर केसासारखे ओरखडे होते. ह्यांच्या हत्यारांच्या पत्र्याच्या पेटीवर ग्राइंडिंगची पूड असते, फोन तिच्यावर ठेवला की ती काचेलाही चरे पाडते. "आणि पडला असता तर सरळ काचेवर आपटला असता."

ह्यांनी लिहिलं. फोन डुगडुगत होता, म्हणून वेळ लागला. मग बाईचा आवाज आला, "तुझ्या आईला बाजारात जाऊन गंडवून घ्यायची हौस आहे."

"गंडवून घ्यायची न्हाई, तुमचा वर्ग वाचवायची! मी तुमच्यासाठी गेले व्हते," मी म्हटलं, आणि तिघंही हसलो. पण पंचाईत तशीच होती. काठ ठेवला तर फोन डुलतो, काढला तर काच जाते.

विजयश्री बराच वेळ फोन टेबलावर दाबून बघत होती. मग म्हणाली, "अण्णा, काठ उंच आहे ही अडचण नाहीच. तो एकाच कोपऱ्यात आहे ही अडचण आहे. त्याला जोडीदार पाहिजे."

तिची कल्पना साधी होती. काठ तेवढाच ठेवायचा, पण कव्हरच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत तेवढ्याच उंचीची पट्टी न्यायची. मग फोन वर पट्टीवर आणि खाली तळाच्या कडेवर टेकेल. सपाट राहणार नाही, लिहिण्याच्या उतरत्या डेस्कसारखा आपल्याकडे कलेल, पण डुलणार नाही. कारखान्यात डाय कापण्याआधी नमुना म्हणून मऊ प्लॅस्टिकचं कव्हर थ्री-डी प्रिंटरवर छापतात. मालकांना विचारून तिने एक छापून आणलं.

टेबलाच्या काचेवर ठेवलं. डुगडुग. पूर्वीपेक्षा कमी, पण होतीच.

मला रडू यायला लागलं होतं. हे मात्र उठले आणि कपाटातून निळ्या शाईचा डबा काढला. टूलरूममध्ये दोन भाग नीट बसतात का ते पाहायला ती लावतात. काचेवर बोटाने पातळ थर पसरला, फोन हलकेच टेकवला आणि उचलला. पट्टीच्या एका टोकाला निळा रंग लागला होता, कॅमेऱ्याभोवतीच्या काठालाही लागला होता, पण पट्टीचं दुसरं टोक कोरडंच होतं.

"थंड होताना हे टोक आकसलं," विजयश्री म्हणाली. "केवढं कमी पडलं?"

ह्यांनी त्या टोकाखाली कागद सरकवला. मग दुसरा त्यावर. दोन कागद बसले, तिसरा बसला नाही. त्यांनी दोन बोटं वर केली.

"दोन कागद. बरं." तिने लिहून घेतलं. "अण्णा, तुम्ही आमच्याकडे या की कामाला."

"पगार?" फोन म्हणाला.

दुसरं कव्हर घट्ट बसलं. कॅमेऱ्याच्या बाजूला दाबा, पलीकडे दाबा, फोन जागचा हलेना. विजयश्रीने तो टेबलाच्या उंचीवरून फरशीवर पाठीवर पाडला. पट्टी आणि काठ आपटले, काच शाबूत राहिली. एक तोटा मात्र झाला. वायरशिवाय चार्ज करायच्या चकतीवर फोन आता तिरका बसतो आणि चार्ज धरत नाही. म्हणून झोपताना वायर लावायचं काम माझ्याकडे आलं. ते मी आनंदाने घेतलं.

शनिवारी मी त्यांच्याबरोबर चिंचवडला गेले. दारापाशी स्टूल घेऊन बसले. ह्यांनी तेलकट टेबलावर फोन ठेवला आणि लिहायला लागले. पोरं वह्यांत डोकं खुपसून बसली होती. मागच्या हसण्याची लाज असावी.

"डायच्या दोन्ही अर्ध्या भागांत फट का राहते?" फोनने विचारलं. शब्दन् शब्द स्पष्ट होता.

गणराज नावाचा एक उंच पोरगा, चाकणच्या कंपनीत शिकाऊ, हात वर करून म्हणाला, "सर, आधी सांगा, ह्या मॅडम कोण बोलतायत? मागच्या वेळी लई रागावून काय बोलल्या, कळलंच नाही."

हे खाली बघून लिहायला लागले. बोट भराभर फिरत होतं. फोन जागचा हलत नव्हता.

"तुझी कानस तिरकी चालते म्हणून रागावल्या होत्या. आण तो घासलेला तुकडा इकडे."

वर्ग हसला. ह्यावेळी ह्यांनीही मान हलवून साथ दिली. गणराजने तुकडा आणला. हे वाकले, कॅमेऱ्याने तुकड्याच्या कडेचा फोटो काढला, मोठा करून त्याला दाखवला, आणि मग फोन परत टेबलावर ठेवून पुढचं वाक्य लिहू लागले. पोरं टेबलाभोवती गोळा झाली. स्टुलावरून मला काही दिसेना, म्हणून मीही उठून त्यांच्या मागे जाऊन उभी राहिले.