एक सरळ तार

“ईशाताई, एक पण गेट लागत नाय,” नेत्रा म्हणाली आणि हसत फाइल पुढे केली.

रत्नागिरीतल्या एका पॉलिटेक्निकच्या डिजिटल लॅबमध्ये मी कंत्राटी सहायक आहे. विषय शिकवणाऱ्या विनोद सरांकडे जाण्याआधी फाइली मी नोंदवून बघते; एकदा नोंदली की पान बदलता येत नाही. नेत्राची ही असाइनमेंट दोनदा परत आली होती. आज पाचपर्यंत सही झाली नाही तर टर्म ग्रँट नाही, म्हणजे परीक्षेचा फॉर्म नाही. तिचं एक वर्ष आधीच गेलेलं. पुन्हा गेलं तर मिरजोळ्याला कारखान्यात कोळंबी सोलायला जायचं, असं नाटे गावाहून वडिलांनी सांगून ठेवलं होतं.

A, B, C असे तीन इनपुट. १, २, ५, ६ या नंबरांना आउटपुट 1. तिच्या के-मॅपमध्ये, म्हणजे सर्किट सोपं करायच्या चौकटीत, चारही 1 मधोमध चौकोनात आले होते. त्यांना गोल करून उत्तर लिहिलं होतं, F = C. सर्किट म्हणून C पासून F पर्यंत पट्टीने मारलेली एक रेघ, मध्ये इनपुटवरून आउटपुट ठरवणारं एकही गेट नाही.

वरचे B-C चे मथळे तिने बरोबर लिहिले होते: 00, 01, 11, 10. शेजारच्या खान्यांत एकच अंक बदलावा म्हणून हा क्रम असतो, आणि त्यामुळे वरच्या ओळीत नंबर ०, १, ३, २ असे बसतात. तिने ०, १, २, ३ टाकले होते. खाली ४, ५, ६, ७.

“नंबर असे का टाकलेस?”

“तुम्हीच सांगितलंत ना. ओळीने भर.”

सांगितलं होतं. वरची ओळ संपव, मग खालची, एवढंच मला म्हणायचं होतं. तिने ते मोजणीच्या क्रमाने असं घेतलं.

किटवर तिने C ची तार थेट एलईडीला लावली. सकाळी इनपुट-आउटपुटच्या तक्त्याच्या पहिल्या दोनच ओळी तिने तपासल्या होत्या. B शून्य असेपर्यंत सगळं जुळतं. आता तिने B एक केला. C शून्य असताना दिवा लागायला हवा होता, लागला नाही. C एक केल्यावर विझायला हवा होता, तो लागला. ती B चं बटण खालीवर करत राहिली.

मी सरांना चूक माझ्या शब्दाची आहे असं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. तिसऱ्या वेळेनंतर संधी नाही, हा नियम विभागाचा आहे, म्हणाले. टेबलावर सह्या झालेल्या फाइलींचा गठ्ठा होता. सगळ्यांत गेल्या वर्षीच्या फाइलीतलं तेच बरोबर सर्किट.

“निदान कोणाचं बघून तरी काढायचंस, पोरी,” ते म्हणाले आणि पानावर लाल फुली मारली.

बाहेर आल्यावर तिने बरोबर उत्तर विचारलं. मी नंबर नीट टाकून दाखवले. चारही 1 आता दुसऱ्या आणि चौथ्या रकान्यात गेले, दोन वेगळ्या जोड्या झाल्या. B आणि C वेगळे असतील तेव्हाच 1. हेच काम करणारं गेट म्हणजे एक्सॉर.

“म्हणजे एकच गेट होतं?”

“एकच.”

तिने किटवरची तार उपटली, बोटाभोवती गुंडाळली आणि ट्रेमध्ये ठेवली.