तारीख हुकली तर

लसीकरणाच्या इंग्रजी पत्रकात सहा, दहा आणि चौदा आठवडे होते. मराठीत आणताना दामिनीने त्यांचे दीड, अडीच आणि साडेतीन महिने केले, कारण सडक अर्जुनीकडच्या गावांत बाळाचं वय कुणी आठवड्यांत सांगत नाही. ती सूक्ष्मजीवशास्त्राची पदवीधर, तालुक्याला आरोग्याच्या कामावर कंत्राटी. लसींच्या नावांऐवजी तिने आजार लिहिले: डांग्या खोकला, धनुर्वात, घटसर्प. खाली आठवण: 'ठरलेल्या दिवशी बाळाला अंगणवाडीत आणा. कार्ड सोबत ठेवा.'

मसुदा तिने सौंदडच्या काही बाळंतिणींना वाचायला दिला. अक्षर फार बारीक आहे, असं त्या म्हणाल्या. मोठं करायचं तर काहीतरी काढावं लागणार होतं. दामिनीने शेवटची ओळ काढली: तारीख हुकली तरी या, लस मिळते, पुन्हा पहिल्यापासून सुरू करावं लागत नाही. हे गावोगावच्या आशाताई घरी जाऊन सांगतातच, असं नर्स अंजूताईही म्हणाल्या. पत्रक छापून आलं तेव्हा ते हातभर अंतरावरून वाचता येत होतं.

याच तालुक्यातली दुर्पता बाळंतपणाला माहेरी गेली होती. सासरच्या आशाताईंनी तिच्या नावापुढे 'माहेरी' लिहिलं. माहेरी ती पाहुणी, म्हणून तिथल्या यादीत तिचं नाव चढलंच नाही. पत्रक मात्र बाळंतपणानंतर दवाखान्यातून निघतानाच तिला मिळालं होतं. दीड महिन्याच्या लसीच्या दिवशी नाल्याला पूर होता. त्यानंतर ती गेलीच नाही.

चौथ्या महिन्यात मुलीला खोकल्याची उबळ येऊ लागली. उबळीत ती निळी पडायची. गोंदियाच्या दवाखान्यात डांग्या खोकला निघाला, आणि तिथेच मुलगी गेली.

अंजूताई आणि दामिनी चौकशीला गेल्या, तेव्हा दुर्पता सासरी परतली होती. तिचा नवरा बुधराम त्यांना बघून उठून बाहेर गेला. पुढच्या महिन्यात का आली नाहीस, असं अंजूताईंनी हळूच विचारलं.

"कागदावर दीड महिना लिहून होता. तो निंगून गेला. मंग कायले येऊ? बोलणी खायले?"

अंजूताई यात कुणाचा दोष नाही, असं काहीतरी सांगू लागल्या. दुर्पता दामिनीकडे बघत होती.

"उशिरा आणली असती, त देल्ली असती का लस?"

एका डोसने पूर्ण संरक्षण मिळत नाही, हे दामिनीला ठाऊक होतं. ते खरंही होतं. पण विचारलं ते नव्हतं.

"हो. वर्षाच्या आत केव्हाही."

"मंग ते काऊन नाई लिहिलं?"

"अक्षर मोठं करायचं होतं."



"मी सातवी शिकली हाओ, बाई," दुर्पता म्हणाली. "मले बारीक बी वाचता येते."