तीन नंबरचा उजेड

ताईने फोन केला तेव्हा ती खुशीत होती. म्हणाली, "अरे, आमच्याकडे हल्ली उजेड किती छान पडतोय. खालच्या लाँड्रीवाल्याने इस्त्र्या सुरू केल्या की यांच्या खाटेजवळचा बल्ब कसा लख्ख होतो बघ."

मी चहा पीत होतो. कप खाली ठेवला आणि विचारलं, "इस्त्र्या बंद झाल्या की?"

"मग होतो पुन्हा नेहमीसारखा. पण आता थंडी आहे ना, सगळ्यांचे गीझर चालू असतात, म्हणून सकाळभर झकास असतो."

मी तीस वर्षं वायरमनचं काम करतोय. शेजाऱ्याने जास्त वीज ओढली की आपला दिवा मंदावावा, हे कुणीही समजू शकेल. तो उजळायला लागला तर मात्र समजायचं की घरात काहीतरी सडतंय. मी हत्यारांची पिशवी उचलली. बायको म्हणाली, "निदान दोन घास खाऊन जा." मी ऐकलं नाही, आणि त्या दिवशी मी लवकर केलेली तेवढीच एक गोष्ट.

ताई तिसऱ्या मजल्यावर राहते. इमारत लहान आहे: खाली लाँड्री, वर आठ बिऱ्हाडं. भावजींची फुप्फुसं दोन वर्षांपूर्वी थकली. तेव्हापासून खाटेशेजारी ऑक्सिजनचं मशीन चोवीस तास घरघरत असतं आणि त्याची नळी भावजींच्या नाकात असते. ते गमतीने त्याला 'माझी दुसरी बायको' म्हणायचे. पहिली बोलते जास्त, दुसरी घोरते जास्त. मशीन बंद पडलं तर कपाटामागे एक सिलिंडर उभा असतो. पण तो तासाभराचा सोबती, त्यावर दिवस निघत नाही.

जिन्याखालच्या मीटरच्या खोलीचं दार उघडलं आणि आधी वास आला. जळक्या प्लॅस्टिकचा, गोडसर. टॉर्च मारला. प्रत्येक बिऱ्हाडाच्या मीटरखाली एक गोल खटका आहे, त्यावर एक, दोन, तीन असे आकडे. इमारतीत तीन फेज येतात, म्हणजे वीज आणणाऱ्या तीन वेगळ्या तारा. एखादी गेली की लोक खाली येतात, आपला खटका चालू फेजवर फिरवतात आणि वर निघून जातात. परत फिरवायला कुणी येत नाही. लाईट आली ना, मग कशाला?

जवळजवळ सगळे खटके एकवर होते. लाँड्रीचा एकवर, बाकीच्या सातही बिऱ्हाडांचे एकवर. दोनवर फक्त जिन्यातले दिवे आणि पाण्याचा पंप. तीनवर एकटी ताई.

हे आपोआप झालेलं नव्हतं. दीड महिन्यापूर्वी दोन आणि तीन दिवसभर गेल्या होत्या, म्हणून सगळी इमारत एकवर आली. संध्याकाळी लाईट आल्यावर मी ताईचा खटका तीनवर नेला. इतरांचेही वाटून लावायचे होते. काम दहा मिनिटांचं. पण मी विचार केला की तीन रिकामी आहे तर रिकामीच राहू दे. मशीनला विजेचा भरपूर दाब मिळेल, कुणाच्या गीझरने तो खाली येणार नाही. लाँड्रीवाल्याने विचारलं तेव्हा मी त्याला म्हणालो, "एक नंबरच चांगली आहे, कुणी हात लावू नका." ताईला मात्र सांगितलं, एक नको, तुमची लाईन वेगळी. बहिणीसाठी एक अख्खी फेज राखून ठेवली होती मी. मनातून फार खूश होतो.

क्लॅम्प मीटर काढला. तो चिमट्यासारखा तारेभोवती अडकवायचा, आतून किती वीज जाते ते तो सांगतो. एकवर अठ्ठावन्न अँपिअर. दोनवर सहा. तीनवर तीन. मग परतीच्या तारेला, न्यूट्रलला लावला. त्रेपन्न.

तिन्ही फेजवर भार सारखा असेल तर त्यांची परतीची वीज एकमेकींना मारते आणि न्यूट्रल जवळजवळ रिकामी बसते. हिशेब इतका साधा आहे. एकीवरच सगळं लादलं की तो बोजा न्यूट्रलच्या डोक्यावर येतो. आणि ही इमारत बांधणाऱ्याने न्यूट्रलला फेजपेक्षा बारीक तार वापरली होती, हिला काय काम असतं म्हणून. दीड महिना ती तापत होती, निवत होती, तापत होती. पट्टीवरचा तिचा स्क्रू सैल झाला होता, झाकण तपकिरी पडून वाकलं होतं. वर कुणीतरी गीझर लावला तसा सांध्यात बारीक चर्र आवाज झाला. मग दाब, म्हणजे व्होल्टेज पाहिलं. एकवर दोनशे बारा. तीनवर दोनशे त्रेचाळीस.

आता न्यूट्रल तुटली तर काय होईल हे मला पाठ होतं. परतीची वाट बंद झाली की एक नंबरची वीज दुसऱ्यांच्या घरातून वाट काढते. जिथे भार जास्त तिथे दिवे विझत जातात, बाकी नुकसान होत नाही. जिथे भार कमी, तिथे सगळा दाब येऊन पडतो. दोनशे तीसच्या जागी चारशेच्या आसपास. म्हणजे माझ्या ताईच्या घरात. मी निवडून दिलेल्या जागी.

चालू असताना त्या स्क्रूला हात लावणं म्हणजे तो सांधा आपल्या हाताने तोडणं. मेन बंद करूनच काम करायला हवं होतं, आणि त्याआधी भावजींना सिलिंडरवर घ्यायला हवं होतं. हे सगळं बरोबर. पण त्याहीआधी दोन सेकंदांचं एक काम होतं. ताईचा खटका तीनवरून एकवर, त्या गर्दीत ढकलायचा. मशीन क्षणभर थांबलं असतं, पुन्हा सुरू झालं असतं. न्यूट्रल तुटली असती तरी बंद पडलं असतं, जळलं नसतं.

माझा हात खटक्यापर्यंत गेला होता. मग वाटलं, बल्ब मंद झाला की ताई विचारेल, का रे, तूच तर एक नको म्हणाला होतास. काय सांगणार? वर जाऊन शांतपणे करू, असं ठरवलं. लाज वाटली मला. दुसरं काही नाही.

बाहेर येऊन लाँड्रीवाल्याला म्हटलं, "इस्त्र्या बंद करा. दहा मिनिटांत मेन पाडतोय, तासभर लाईट नसेल."

"तासभर?" तो म्हणाला. "दुपारी माल द्यायचाय हो."

"मग दुपारी द्या. आता बंद करा."

"करतो, करतो." त्याने मान डोलावली आणि जिन्यातून वर हाक मारली, "लाईट जाणार आहे तासभर! दहा मिनिटं आहेत!"

मला तेव्हाच खाली थांबायला हवं होतं. मी जिने चढत होतो आणि माझ्या मागेपुढे दारं वाजत होती. पहिल्या मजल्यावरची बाई आत कुणाला तरी म्हणाली, "आधी गीझर लाव, अंघोळ उरकून घे." दुसऱ्या मजल्यावर कुणी वॉशिंग मशीन सुरू केलं. खाली लाँड्रीवाल्याने पाणी तापवायचा मोठा हीटरही लावला असणार, माल उरकायला. लाईट जाणार म्हटल्यावर माणसं हेच करतात. मला हे ठाऊक नव्हतं असं मी म्हणू शकत नाही.

ताईने दार उघडलं. "अगंबाई, इतक्या सकाळी?"

"ताई, भावजींना सिलिंडर लाव. मशीन बंद करायचंय."

"का रे? काय झालं?"

"काही नाही गं. खाली एक स्क्रू घट्ट करायचाय."

भावजी उशीला टेकून चहा घेत होते. मला बघून त्यांनी दोन बोटं वर केली, बस म्हणून. त्यांच्या उशाशी तो जुना पिवळा बल्ब होता. पांढरा उजेड त्यांना दवाखान्यासारखा वाटायचा. बल्ब आज पिवळा दिसत नव्हता.

"चहा होऊ दे त्यांचा," ताई म्हणाली. "रात्रभर झोप नाही त्यांना. आत्ता कुठे जरा बरं वाटतंय. पाच मिनिटांनी काय बिघडतंय?"

मी खरं बोललो असतो तर तिने त्या क्षणी प्लग उपटला असता. माझी ताई वेंधळी नाही. पण मी म्हणालो, "बरं, पाच मिनिटं." आणि कपाटामागून सिलिंडर ओढायला वळलो.

बल्ब पांढरा झाला. मग निळसर. मशीनची घरघर एकदम चढली, मी "प्लग!" असं ओरडलो, आणि ताई वळायच्या आत आतून फटकन आवाज आला. बल्ब फुटला. स्वयंपाकघरात फ्रिजमधून धूर आला, जिन्यात दिवे फुटल्याचा आवाज झाला. खालून लाँड्रीवाला तक्रारीच्या सुरात म्हणत होता, "अहो, आत्ताच पाडलीत? दहा मिनिटं म्हणालात ना!" त्याचं काहीच जळलं नव्हतं.

भावजींनी कप नीट खाली ठेवला. मशीनकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

सिलिंडरला रेग्युलेटर मी उलटा बसवायला गेलो, तेव्हा ताईनेच तो माझ्याकडून घेतला. त्याचा काटा अर्ध्यावर होता. मी धावत खाली गेलो, मेन पाडला. अँब्युलन्स अर्ध्या तासाने आली. आम्ही चौघांनी खुर्चीवरून त्यांना खाली उतरवलं, तेव्हा काटा तांबड्यात होता आणि त्यांचे ओठ करडे पडले होते. पहिल्या मजल्यावरची बाई ओल्या केसांनी दारात उभी होती. दवाखान्यात ते तीन दिवस होते. चौथ्या दिवशी नव्हते.

मी त्याच आठवड्यात न्यूट्रलची तार बदलली, फेजइतकी जाड टाकली. खटके वाटून लावले, जिन्याचा धरून तीन, तीन, तीन, लाँड्रीच्या इस्त्र्या तिन्हींवर पसरल्या. मीटर लावून पाहिला. न्यूट्रलमध्ये चार अँपिअर. दहा मिनिटांचं काम होतं, तार सोडली तर.

वर ताईकडे माणसं बसली होती. मी दाराशी उभा राहिलो. ती एका म्हाताऱ्या बाईला सांगत होती, "माझ्या भावाने काही कमी केलं नाही हो. सगळ्यांत चांगली लाईन आम्हाला वेगळी काढून दिली होती त्याने. आमचं नशीबच फिरलं, त्याला तो तरी काय करणार?"

माणसं जाईपर्यंत मी थांबलो. खाटेजवळ रिकामा होल्डर लटकत होता. मी म्हणालो, "ताई, तीनवर तुम्हाला मीच ठेवलं होतं."

"माहितीये मला," ती म्हणाली आणि माझ्या हातावर हात ठेवला. "तेच तर सांगतेय सगळ्यांना."

मी तिच्या शेजारी बसलो. तिचा हात माझ्या हातावरून बाजूला केला आणि पहिल्यापासून सांगायला लागलो.