कंपनीचं दुःख

मी साहेबांना मोबाईलवर पाठवलेला निरोप असा होता: ‘साहेब, जवळच्या इन्स्टिट्यूटमध्ये मशीनची थरथर मोजायचा कोर्स आहे. संध्याकाळी असतो. फी जरा जास्त आहे. कंपनीने भरली तर बरं होईल. हल्ली घरी एकट्याला करमत नाही. बघा जमलं तर.’

दुसऱ्या दिवशी साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं, दार लावून घेतलं आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. तेव्हाच समजलं की काम फिसकटलं. बायको गेल्यापासून आठ महिन्यांत माझ्या खांद्यावर इतके हात पडलेत की शर्टाचा रंग तिथे उडाला असेल. साहेबांनी मला पाणी दिलं आणि आठवडाभराची भरपगारी सुट्टी दिली. म्हणाले, घरी शांत पडा.

मी मागितला कोर्स, मिळाली सुट्टी. आणि सुट्टी कुठे घालवायची, तर जिथून पळायचं होतं तिथेच.

आमचा कारखाना पुठ्ठ्याची खोकी बनवतो. मी देखभाल विभागात फिटर. पंप, मोटारी, बॉयलरचा पंखा, जे काही गरगर फिरतं ते माझ्याकडे. दिवसभर ठीक असतं, मशीनला काही विचारावं लागत नाही आणि तीही विचारत नाही. पण साडेपाचला भोंगा झाला की मी पुसलेले पाने पुन्हा पुसत बसतो. घरी जाऊन कुलूप उघडायचं, दिवा लावायचा, आणि झोप येईपर्यंत काय करायचं हे कोणी सांगत नाही. कोर्स आठवड्यातून चार संध्याकाळी होता, तीन महिने. मला तो हवाच होता.

सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी मेहुणी आली. बायकोची लहान बहीण, तिला घरात सगळे धाकटी म्हणतात. ती बँकेत कर्ज विभागात आहे. दिवसभर लोकांचे अर्ज वाचते आणि त्यातले बरेचसे परत पाठवते, त्यामुळे तिच्या चेहऱ्यावर कायम नकाराची थोडी झाक असते. मी तिला निरोप दाखवला. तिने तो दोनदा वाचला आणि फोन उलटा टेबलावर ठेवला.

“भाऊजी, यात तुमचं दुःख आहे. कंपनीचं दुःख कुठे आहे?”

मी म्हणालो, कंपनीला कसलं आलंय दुःख.

“मग कंपनी पैसे कशाला देईल? ‘बघा जमलं तर’ म्हणे. आमच्याकडे असं कोणी लिहिलं तर आम्ही म्हणतो, नाही जमलं.”

मग तिने माझी उलटतपासणी घेतली. थरथर मोजून काय होतं? मी सांगितलं, बेअरिंग बिघडायला लागलं की आवाज येण्याच्या बरंच आधी थरथर बदलते, मोजता आली तर वेळेत बदलता येतं. आत्ता कोण मोजतं? बाहेरची एजन्सी, तीन महिन्यांतून एकदा. बरोबर सांगतात का? मी म्हणालो, बरोबर सांगतात, पण सावकाश. गेल्या वर्षी बॉयलरच्या पंख्याचं बेअरिंग गेलं, वाफ बंद, लाईन दीड दिवस उभी. आम्ही नवीन बेअरिंग बसवून हात धूत होतो तेव्हा एजन्सीचा अहवाल आला की पंख्याचं बेअरिंग लवकरच जाण्याची शक्यता आहे.

धाकटी इतकी हसली की तिला ठसका लागला. आठ महिन्यांत त्या घरात पहिल्यांदाच कोणी मोठ्याने हसलं असेल. मग डोळे पुसत म्हणाली, हे आहे कंपनीचं दुःख, हेच लिहा.

तिने सांगितलं की साहेबाला पहिल्या ओळीत समजलं पाहिजे काय हवंय आणि कधीपर्यंत. मग का हवंय. मग दुसरे मार्ग कोणते आणि ते का नकोत. मग खर्च आणि त्याच्या समोर नुकसान. शेवटी, शिकून आल्यावर काय बदलेल. आणि सगळं एका पानात, कारण दुसरं पान कोणी वाचत नाही, हे स्वतःवरून सांगते, म्हणाली.

दुसऱ्या मार्गांपाशी मी अडकलो. त्याच इन्स्टिट्यूटचा ऑनलाइन कोर्स निम्म्या फीत होता. तो का नको, असं तिने विचारलं. मी म्हणालो, घरी बसून नको.

तिने उलटा ठेवलेला फोन सरळ करून माझ्यापुढे सरकवला. मग म्हणाली, “ते मला समजलं. साहेबाला सांगण्यासारखं, पण खरं, असं दुसरं कारण आहे का? नसेल तर खोटं लिहायचं नाही. मग स्वस्तातलाच मागायचा.”

मी इन्स्टिट्यूटला फोन लावला. तिथले शिकवणारे म्हणाले, ऑनलाइनमध्ये फक्त व्हिडिओ आहेत, चालू मशीनवर हाताने मोजायचा सराव आणि त्याची परीक्षा प्रत्यक्ष वर्गातच. मला इतकं हायसं वाटलं की त्यांचे दोनदा आभार मानले. ते बिचारे गोंधळले.

उरलेल्या सुट्टीत मी कारखान्यात दोन चकरा मारल्या. हिशेब विभागातल्या बाईंकडून बंद राहिलेल्या दीड दिवसाचं नुकसान आणि एजन्सीचा खर्च घेतला. सुट्टीत कशाला आलात, म्हणून त्यांनीही खांद्याकडे हात आणला, पण मी सरकलो. मी लिहायचो, धाकटी छाटायची. ‘मला वाटतं’ खोडलं. ‘मी पंधरा वर्षं’ खोडलं. ‘माझी इच्छा’ तर तिने दोन रेघा मारून खोडलं. शेवटी हे उरलं:

‘देखभाल विभागातील एका कर्मचाऱ्याला व्हायब्रेशन तपासणीचे तीन महिन्यांचे प्रशिक्षण देण्यासाठी फी मंजूर करावी. प्रवेश या महिनाअखेरीस बंद होतो.

गेल्या वर्षी बॉयलरच्या पंख्याचे बेअरिंग निकामी होऊन लाईन दीड दिवस बंद राहिली. बाहेरची एजन्सी तीन महिन्यांतून एकदा येते व अहवाल दहा दिवसांनी देते. त्या वेळी अहवाल बिघाडानंतर मिळाला.

आहे तसे चालू ठेवल्यास हा धोका कायम राहतो. एजन्सीला दरमहा बोलावल्यास वर्षाचा वाढीव खर्च फीच्या दुपटीहून जास्त होतो. ऑनलाइन कोर्स निम्म्या फीत होतो, पण त्यात चालू यंत्रावरचा सराव व परीक्षा नाही. प्रत्यक्ष कोर्सची फी त्या दीड दिवसाच्या नुकसानीच्या दहाव्या भागाहून कमी आहे. मोजणीचे उपकरण कंपनीकडे असून ते कपाटात वापराविना पडून आहे.

वर्ग कामाच्या वेळेनंतर असल्याने बदली कर्मचारी लागणार नाही. प्रशिक्षणानंतर मुख्य यंत्रांची तपासणी दर आठवड्याला होईल. पहिले वर्ष एजन्सी चालू ठेवून दोन्हींच्या नोंदी ताडून पाहता येतील. एकही बिघाड होणार नाही असे सांगता येत नाही, मात्र आधी कळण्याची शक्यता वाढेल.’

शेवटचं वाक्य माझं. धाकटी म्हणाली, ठेवा, खरं बोलणारा अर्ज क्वचित दिसतो.

सोमवारी सकाळी कागद दिला. दुपारी साहेबांनी बोलावलं. या वेळी दार उघडंच होतं आणि हात टेबलावर होते. साहेब एकदम खूश होते. म्हणाले, असा कागद मला वर्षात कोणी दिलेला नाही, फी मंजूर. मग पेन उचलता उचलता म्हणाले, “तबल्याला पाठवू.”

तबला म्हणजे दुसऱ्या पाळीचा फिटर. हाताला लागेल ते बोटांनी वाजवतो म्हणून ते नाव. साहेबांचं म्हणणं सरळ होतं. तुमची नोकरीची पाच वर्षं राहिली, त्याची वीस. कागदात ‘एक कर्मचारी’ लिहिलंय. कंपनीच्या फायद्याचं बघायचं तर कर्मचारी तो.

मी कागद परत पाहिला. खरंच, त्यात मी कुठेच नव्हतो. इतका नीट पुसला गेलो होतो की मलाही सापडेना. बँकेच्या अर्जात नाव वरच्या चौकोनात आधीच छापील जागेवर असतं, म्हणून धाकटी खालचा ‘मी’ बिनधास्त खोडत गेली, आणि मी खोडू दिला. आमच्या कागदाला चौकोन नव्हता.

पूर्वीचा मी असतो तर ‘बरं साहेब’ म्हणून निघालो असतो. दारापर्यंत गेलोही. तिथून साडेपाचचं कुलूप दिसलं.

मी परत फिरून म्हणालो, कागद अर्धा राहिलाय. कोणाला पाठवायचं आणि का, ते लिहायचं राहिलं. तिथेच उभ्याने, पाठकोऱ्या बाजूवर लिहिलं. मला पाठवावं. मोजणी दिवसपाळीत करायची आहे आणि मी दिवसपाळीला असतो. तबल्याची पाळी संध्याकाळी असते, त्याला पाठवलं तर तीन महिने बदली माणूस लागेल आणि कागदातलं एक वाक्य खोटं ठरेल. पाच वर्षांचा मुद्दा बरोबर आहे, म्हणून कोर्स संपल्यावर सहा महिन्यांत मी तबल्याला आणि तिसऱ्या फिटरला शिकवून तयार करीन.

साहेबांनी वाचलं आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं.

“तुम्ही शिकवणार? गेल्या मीटिंगमध्ये तुम्ही ‘हो’ आणि ‘चहा नको’ एवढंच बोललात.”

“शिकवीन.”

“मग मला शिकवा. आत्ता.”

आम्ही बॉयलरकडे गेलो. मी त्यांना बाह्या वर करायला लावल्या, पट्ट्याच्या जाळीपासून लांब उभं केलं. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक बेअरिंगच्या बाहेरच्या कवचावर टेकवलं आणि मूठ त्यांच्या कानाला लावायला सांगितली. पाढे पाठ करणाऱ्या पोरासारखे ते डोळे मिटून उभे राहिले.

म्हणाले, नुसतं सूं ऐकू येतंय.

म्हणालो, तेच ऐकायचंय. एकसारखं सूं म्हणजे बेअरिंग सुखात आहे. मध्येच खरखर आली तर आतल्या गोळ्यांना किंवा त्यांच्या वाटेला चरे पडलेत. पण कानाला खरखर आली म्हणजे उशीर झालाच. त्याच्या आधीचं जे असतं ते कानाला लागत नाही, ते त्या कपाटातल्या उपकरणाला लागतं, आणि ते आकड्यांत काय सांगतं हे इथे कोणालाच वाचता येत नाही. मग मी त्यांना दुसऱ्या टोकाला नेलं. मग पंपाकडे. ग्रीस कमी पडलं तर काय होतं, जास्त झालं तरी काय होतं, पाया सैल असला की थरथर कशी वेगळी येते. बोलायला लागलो आणि थांबता येईना. साहेबांच्या कपाळावर घाम होता, कानावर ग्रीसचा काळा गोल होता, आणि ते प्रश्न विचारत होते.

पंपाच्या चौथऱ्यावर कागद ठेवून त्यांनी सही केली. खाली अट घातली: सहा महिन्यांत दोघांना शिकवणे, आणि तीन वर्षं कंपनी न सोडणे. मी म्हणालो, पाच लिहा. ते म्हणाले, तीन पुरे, भाव वाढवू नका.

घरी आल्यावर दिवा लावायच्या आधी धाकटीला फोन केला. तिने फक्त विचारलं, झालं का? मी तिला सगळं सांगितलं. तबला, पाठकोरी बाजू, स्क्रूड्रायव्हर, ग्रीस कमी पडलं तर काय होतं, जास्त झालं तरी काय होतं. पलीकडे तिची भांडी वाजत होती, मुलं काहीतरी मागत होती, तिचा नवरा जेवायला हाक मारत होता. ती हं हं करत राहिली. पंपाच्या पायाच्या बोल्टपर्यंत मी आलो तेव्हा तिने मला अडवलं.

“भाऊजी,” ती म्हणाली, “ताई असती ना, तर म्हणाली असती, आता जरा गप्प बसा.”

मी म्हणालो, हो, म्हणाली असती. आणि मग बोल्टांचं राहिलेलं सांगितलं.