हत्ती गेला तरी राजा जात नाही

रविवारची लांबण भरून काढायला चष्मेवाल्याला संघातली ती चौथी खुर्ची हवी होती. बायको गेल्यापासून रविवार त्याच्या अंगावर यायचा. वाचनालयाचा बुद्धिबळ संघ दर रविवारी कुठल्या ना कुठल्या गावी खेळायला जायचा. तीन जण ठरले होते. चौथ्या जागेसाठी शेवटचा डाव उरला होता आणि समोर होता त्याचा साडू, बसचालक.

दोघांनाही खेळ शिकवला तो एकाच माणसाने, सासऱ्यांनी. जावयांना जेवणानंतर पटावर बसवायचे आणि हरवून खूश व्हायचे.

चष्मेवाला पांढऱ्या बाजूने खेळत होता. सुरुवातीलाच साडूच्या उंटाने शह दिला, तो त्याने मध्ये प्यादं घालून अडवला. पुढे वजिराच्या बाजूची घरं मोकळी झाली तेव्हा त्याने राजा दोन घरं सरकवला आणि हत्ती त्याच्यावरून पलीकडे ठेवला.

"थांबा, साडूबुवा," बसचालक म्हणाला. "हे कॅसलिंग चालायचं नाही. तुमच्या राजाला एकदा शह बसलाय."

"बसला होता. आता आहे का?"

"एकदा बसला की हक्क गेला. आणि शिवाय हत्तीच्या शेजारच्या घरावर माझा दुसरा उंट रोखलेला आहे. हत्ती त्या घरावरून गेलाच कसा?"

"सासऱ्यांनी सांगितलं म्हणून सांगताय?"

"मग कोण सांगणार? तुमचा चष्मा?"

बाई उठून आल्या. या खोलीतल्या पंच त्याच, पूर्वी शाळेत गणित शिकवायच्या.

"राजा किंवा तो हत्ती याआधी हलला होता?" त्यांनी विचारलं.

"नाही," दोघेही म्हणाले.

"मग झालं. आधी शह बसून गेला असेल तर काही बिघडत नाही. आत्ता शह असता तर चाललं नसतं. राजा ज्या घरावरून जातो आणि जिथे थांबतो, ती दोन घरं माऱ्यात नकोत. हत्तीला तो नियम नाही. तो माऱ्यातल्या घरावरून खुशाल जातो."

बसचालकाने पटाकडे पाहिलं, मग उंटाकडे, जणू उंटानेच फसवलं होतं. "म्हणजे म्हातारबाबांनी इतकी वर्षं..."

"खेळा आता."

चष्मेवाल्याला बरं वाटलं. सासऱ्यांचं एक चुकलं तर आणखी काय चुकलं असेल, हा विचारही मनात आला, पण समोर डाव होता. त्याचं एक प्यादं पुढे जाऊन पाचव्या ओळीत उभं होतं. साडूने कडेचं प्यादं एकदम दोन घरं पुढे टाकलं आणि ते नेमकं त्याच्या शेजारी येऊन थांबलं. एन पासाँने, म्हणजे तिरकं त्याच्या मागच्या घरात जाऊन, ते मारता येईल, हे त्याला लगेच दिसलं. पण त्याचा घोडा माऱ्यात होता. आधी घोडा वाचवू, प्यादं कुठे पळतंय, असं म्हणून त्याने घोडा हलवला. साडूने एक साधी चाल केली. मग चष्मेवाल्याने आपलं प्यादं तिरकं ठेवलं, साडूचं उचललं आणि घड्याळाची कळ दाबली.

"हे काय?" बसचालक म्हणाला. या वेळी त्याचा आवाज चढला नव्हता. त्यालाही नक्की माहीत नव्हतं.

बाईंनी घड्याळ थांबवलं. "ही संधी फक्त लगेचच्या चालीला असते. ती गेली."

"घरी आम्ही नंतरही मारायचो," चष्मेवाला म्हणाला. "मी आणि ही. सासऱ्यांनी तसंच सांगितलं होतं."

"दोन घरांची उडी दिली नसती, तर ते प्यादं एक घर पुढे येऊन तुमच्या तावडीत सापडलं असतं. म्हणून तेवढ्यापुरतं, जणू ते एकच घर चाललंय असं धरून मारायचं. मग ते तिथे उभं आहे, हे मानायचं."

"असं होय," चष्मेवाला म्हणाला. इतकी वर्षं चाल पाठ होती, तिचं कारण कुणी सांगितलं नव्हतं.

सोंगट्या मागे ठेवल्या. नियमबाह्य चालीबद्दल साडूच्या घड्याळात दोन मिनिटं वाढली. आणि चष्मेवाल्याचा हात आधी आपल्या प्याद्याला लागला होता, म्हणून नियमाने तेच हलवणं भाग होतं. त्याला एकच वाट होती, सरळ पुढे. ते तिथे गेलं आणि साडूच्या उंटाने उचललं. त्या एका प्याद्याची कमतरता शेवटपर्यंत भरून निघाली नाही. संध्याकाळी राजा आडवा करून चष्मेवाल्याने हात पुढे केला.

"खुर्ची तुमची."

बसचालक खूश दिसला नाही. "खुर्ची माझी, पण नियम सगळे सासऱ्यांचे. परगावी जाऊन तोंडघशी पडायचं काय? राजा एकदा हलून परत जागेवर आला तर कॅसलिंग होतं, असंही ते म्हणायचे."

"होत नाही," बाई कागद आवरता आवरता म्हणाल्या.

"बघा. घरी चला. तुमची मेहुणी सकाळीच विचारत होती, तुम्ही येणार का म्हणून. पट मांडू आणि त्यांनी शिकवलेलं एकेक तपासू."

चष्मेवाल्याने पुढच्या रविवारचा विचार केला, मग या रविवारचा. अजून बराच शिल्लक होता.

"प्याद्याचा वजीर करताना पहिला वजीर मेलेला असावा लागतो, असं सांगायचे," तो म्हणाला. "तेही तपासायला हवं. बाई, त्याचं काय?"

"नसला मेला तरी चालतो."

"म्हणजे एकाच वेळी दोन वजीर?" बसचालक म्हणाला. "दुसरा वजीर करता येत नाही म्हणून मी एक डाव सोडून दिला होता, साडूबुवा. तुमच्याशीच."

"तुमच्या जागी मीही तोच नियम धरला असता," चष्मेवाला म्हणाला आणि त्याने चप्पल घातली.