दारातून घेतलेला शॉट

टेबलाखाली शिरायचं म्हटल्यावर चिमीच्या पाचावर धारण बसली. लघुपट तिचा, दिग्दर्शन तिचं, घर तिच्या आईचं, आणि टेबलही तेच, जुनं. पण चाळिशीला आलेली ही बाई टेबलापासून चार पावलं लांब उभी राहून नखं कुरतडत होती.

"मॅडम, रागावू नका," कॅमेरामन म्हणाला. युनिटमध्ये सगळे त्याला दादा म्हणत. "सकाळपासून आपण दारातून घेतोय. पंच्याऐंशीची लेन्स, आणि फ्रेम पट्टीसारखी आडवी, रुंद. चित्र देखणं आहे हो. पण बापाची भीती औषधालाही नाही."

"का नाही?"

"ही लेन्स लांबचं ओढून जवळ दाखवते. सगळं स्वच्छ दिसतं, पण बघणारा दारातच राहतो. शेजारचं भांडण बघावं तसं. त्यात फ्रेम एवढी रुंद, की टेबलाच्या दोन्ही बाजूंना मोकळी जागा. टेबलाखाली लपलेली पोरगी कुठूनही पळेल."

दादाला हवी होती चोवीसची लेन्स, जवळचं फुगवून दाखवणारी, टेबलाखाली, पोरीच्या डोळ्यांच्या उंचीवर. फ्रेम चारास तीन, जवळजवळ चौकोनी. पोरगी दाखवायचीच नाही, कॅमेराच पोरगी. बाप हातभर अंतरावर वाकणार. "इतक्या जवळून हात पुढे आला की परातीएवढा दिसतो," दादा म्हणाला, "आणि पळायला बाजूच उरत नाही."

चिमीला हे कळत नव्हतं असं थोडंच आहे! सकाळी ट्रायपॉड दारात लावा म्हणून तिनेच सांगितलं होतं. तिथे उभं राहिलं की श्वास नीट चालायचा. बाप जाऊन अकरा वर्षं झाली होती, तरी टेबलाखालच्या फरशीकडे तिला बघवत नव्हतं.

आणि आई? आई स्वयंपाकघरात सगळ्यांसाठी चहा टाकत होती. बाप पट्ट्याने मारायचा हे काढलं की तिचं उत्तर जन्मभर ठरलेलं. "मी दुपारपाळीला असायचे, मला काय ठाऊक? लहान होतीस तू, स्वप्नं पडायची." खरं सांगायचं तर हा सगळा खटाटोप लोकांसाठी नव्हताच. आईने एकदा "हो, झालं होतं" म्हणावं, एवढ्यासाठी चिमीने हे झेंगट गळ्यात घेतलं होतं.

"मी बघते," ती म्हणाली आणि चोवीसची लेन्स लावलेला कॅमेरा घेऊन, जीव मुठीत धरून टेबलाखाली सरकली.

बापाचं काम करणारा नट स्वभावाने अगदी गरीब. "ताई, नुसती तालीम हं," असं म्हणून तो पट्टा हाताला गुंडाळत वाकला. चिमीचा डोळा कॅमेऱ्याला होता. बोटं पुढे आली, फुगली, चौकट भरून गेली, आणि त्यामागे चेहरा एवढासा झाला. अगदी असंच होतं. अगदी असंच! गुडघे छातीशी ओढून ती पडून राहिली. नटानेच घाबरून पट्टा फेकून दिला.

"असाच घ्या," बाहेर आल्यावर ती कशीबशी म्हणाली.

कॅमेरा घेऊन दादा टेबलाखाली आडवा पडला. एका टेकमध्ये शॉट झाला. मॉनिटरवर परत लावला तेव्हा आई चहाचा ट्रे घेऊन दारात आली होती. "बघ," चिमी म्हणाली. आता म्हणेल ही, स्वप्न पडलं होतं तुला.

आईने शॉट शेवटपर्यंत पाहिला. मग मान हलवली.

"असं नाही दिसायचं," ती म्हणाली. "त्यांची नुसती पाठ दिसायची. तू दिसायचीच नाहीस."

चिमी मॉनिटरकडून तिच्याकडे वळली.

"आई, तू कामावर असायचीस ना?"

आईने खाली पाहिलं. सकाळच्या ट्रायपॉडच्या पायांसाठी फरशीवर चिकटपट्टीच्या तीन फुल्या मारल्या होत्या, तिचे पाय नेमके त्यांच्यामध्ये होते.

"लवकर सुटायचे कधीकधी," ती म्हणाली. "इथे उभी राहायचे. आत यायची छाती नव्हती गं माझी. त्यांनी मागे वळू नये, एवढंच मागायचे देवाकडे."

चिमीला वाटलं ओरडावं, ट्रे भिरकावून द्यावा. पण तिला भीतीच वाटली, टेबलाखाली वाटली त्याहून जास्त. एवढी वर्षं ती टेबलाखाली एकटी नव्हतीच. दहा पावलांवर आई होती, आणि आली नव्हती.

"दादा," ती म्हणाली, "सकाळचा शॉट पुन्हा घेऊ. पंच्याऐंशीची, दारातून. फ्रेम मात्र चौकोनीच, आणि बापाची पाठ मधोमध."

"पुन्हा लांबून? मॅडम, तिथून सगळं दिसतं, पण आपण..."

"दारातच राहतो. माहितीय. तेच हवंय."

दादाने लेन्स बदलली. आई दारातून हलली नाही, म्हणून कॅमेरा तिच्या खांद्याला लागूनच लावावा लागला.